मोसंबीच्या बागेत सावलीचे सांधे

जालना-बदनापूर भागातली मोसंबीची बाग संगणकावर उभी करायची, तर झाडं बनवणं त्या मानाने सोपं असतं. सहा-सहा मीटरवर लावलेली, चार मीटरच्या आसपास उंचीची झाडं, खाली काळी जमीन आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. खरी परीक्षा सावलीची असते. अशा जमिनीवर सावली लपायला उंचवटा नसतो, आणि रांगा इतक्या नियमित असतात की एका झाडाची सावली शेजारच्या झाडापेक्षा जराशी बोथट झाली तरी डोळ्याला टोचते.

सावलीसाठी आपण सूर्याच्या जागेवरून दृश्याचा एक नकाशा काढतो. सूर्यापासून कोणती गोष्ट किती अंतरावर आहे, एवढंच त्यात नोंदलेलं असतं. लान्स विल्यम्सने 1978 मध्ये मांडलेला हा शॅडो मॅप आजही तसाच वापरला जातो. अडचण विस्ताराची आहे. 400 मीटरपर्यंतचं दृश्य 2048 बाय 2048 च्या एकाच नकाशात बसवलं, तर त्यातला एक ठिपका, म्हणजे एक टेक्सेल, जमिनीवर सुमारे 46 सेंटिमीटरचा होतो. मोसंबीच्या पानाची सावली त्यात उमटणं शक्यच नाही. म्हणून दृश्याचे अंतराप्रमाणे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र नकाशा देतात. हे कॅस्केड. बहुतेक ठिकाणी ते चार असतात. मग प्रश्न उरतो तो तुकडे कुठे पाडायचे याचा.

फान झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये त्यासाठी दिलेलं सूत्र बहुतेक सगळे वापरतात:

```
C_i = λ·n·(f/n)^(i/m) + (1−λ)·(n + (f−n)·i/m)
```

`n` आणि `f` म्हणजे जवळची आणि लांबची मर्यादा, `m` म्हणजे कॅस्केडची संख्या. `λ` 1 असेल तर सीमा गुणोत्तराने वाढत जातात, 0 असेल तर समान अंतरावर पडतात. आपल्या बागेत `n` अर्धा मीटर आणि `f` 400 मीटर धरू. `λ` 1 ठेवला, तर सीमा 2.7, 14, 75 आणि 400 मीटरवर येतात. कागदावर हे उत्तम दिसतं. आता बागेत उभ्या माणसाच्या नजरेने बघा. कॅमेरा 1.7 मीटर उंचीवर, समोर रोखलेला, उभा दृष्टिकोन 60 अंशांचा. पडद्याच्या तळाशी दिसणारी जमीन तीन मीटरपासून सुरू होते. म्हणजे पहिल्या कॅस्केडमध्ये जमीन येतच नाही. चारपैकी एक नकाशा जवळपास रिकामा गेला. सूत्राला सपाट जमीन ठाऊक नाही, आणि माणूस किती उंचीवर उभा आहे हेही ठाऊक नाही.

म्हणून पहिली सीमा मी हाताने ठरवते आणि उरलेल्या गुणोत्तराने पाडते. पायापासून पुढच्या झाडापर्यंतची जागा नीट दिसायला हवी, म्हणून पहिली सीमा 10 मीटरवर. तिथून 400 पर्यंत तीन समान उड्या घेतल्या की 34 आणि 117 मिळतात. कॅमेरा वळला तरी सावलीच्या कडा थरथरू नयेत म्हणून प्रत्येक तुकड्याभोवती मी गोल बसवते आणि त्याची जागा टेक्सेलच्या पटीत सरकवते. या रुंद दृष्टिकोनात आणि 16:9 च्या पडद्यावर त्या गोलाचा व्यास तुकड्याच्या लांबच्या टोकाच्या सुमारे 2.35 पट येतो. तुकडा कुठून सुरू झाला याला महत्त्वच राहत नाही. टेक्सेल अनुक्रमे 1.2, 3.9, 13 आणि 46 सेंटिमीटरचे होतात. शेवटचा आकडा बघा. मधल्या सीमा कितीही हलवल्या तरी तो बदलणार नाही. तो फक्त 400 ला हात लावला तरच कमी होतो.

त्या 46 सेंटिमीटरची भीती मात्र या उंचीवर बाळगायचं कारण नाही. 1080 ओळींच्या पडद्यावर 117 मीटरवरची जमीन क्षितिजाच्या जेमतेम 14 पिक्सेल खाली असते आणि 400 मीटरवरची चार. चौथ्या कॅस्केडची सगळी जमीन दहा पिक्सेलांच्या पट्टीत मावते.

हाच कॅमेरा समृद्धी महामार्गाच्या एखाद्या पुलावरून, 20 मीटर उंचीवरून बागेकडे बघू लागला की हिशेब उलटतो. तळाशी दिसणारी जमीन आता 35 मीटरपासून सुरू होते, म्हणजे पहिले दोन्ही नकाशे जमिनीपुरते वाया जातात. 117 ची सीमा क्षितिजाखाली 160 पिक्सेलांवर, ऐन बघण्याच्या जागी येते, आणि तिथे टेक्सेल एकदम साडेतीन पट मोठा होतो. अशा दृश्याला 30 मीटरपासून मोजून 57, 110, 209 आणि 400 अशा सीमा द्याव्यात. प्रत्येक उडी दुपटीच्या आत राहते. पडद्यावर प्रत्यक्ष दिसणारी खोली दर फ्रेमला मोजून सीमा आपोआप ठरवायची पद्धतही आहे. पण सीमा सतत हलल्या की टेक्सेलचा आकार बदलतो आणि पानांच्या सावल्या चुळबुळतात. मला दोन ठरावीक संच ठेवून दृश्य बदलताना अदलाबदल करणं जास्त पटतं.

सीमा कितीही विचाराने पाडल्या तरी सांधा राहतोच. तो मिटवण्यासाठी कॅस्केडच्या शेवटच्या भागात दोन्ही नकाशांतली सावली घेऊन मिसळतात:

```glsl
float a = smoothstep(0.75 * splitFar[i], splitFar[i], dist);
float s = sampleCascade(i, pos);
if (a > 0.0 && i < 3)
    s = mix(s, sampleCascade(i + 1, pos), a);
```

इथे 0.75 हा आकडा महत्त्वाचा. बरेच जण शेवटचे दहा टक्के मिश्रणाला देतात. माणसाच्या उंचीवरून 34 मीटरच्या सीमेशी ते दहा टक्के जमिनीवर फक्त पाच पिक्सेल भरतात. पाच पिक्सेलांत मिश्रण होत नाही, सांधा फक्त जाड होतो. 25 टक्के दिले की पंधरा-सोळा पिक्सेल मिळतात आणि नजर निसटून जाते. त्या पट्ट्यात दोनदा नमुने घ्यावे लागतात, ती किंमत मोजण्यासारखी आहे. `dist` म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं सरळ अंतर. नुसती खोली घेतली, तर सीमा पडद्याला समांतर राहते आणि मान वळवली की रांगांवरून झाडूसारखी फिरते. अंतर घेतलं की कॅमेऱ्याभोवती स्थिर वर्तुळ मिळतं. मात्र पुढचा नकाशा मिश्रणाच्या पट्ट्यापर्यंत मागे पोचतो का, हे तपासून घ्यावं. रुंद दृष्टिकोनात गोल तेवढा मोठा असतोच. लांबचं जवळ आणणाऱ्या अरुंद दृष्टिकोनात तो मुद्दाम मागे वाढवावा लागतो.

मिश्रणाने न लपणारी एक गोष्ट म्हणजे कडेची रुंदी. सावलीची कड मऊ करणारा फिल्टर टेक्सेलमध्ये मोजला, तर पाच टेक्सेलची कड दुसऱ्या कॅस्केडमध्ये 20 सेंटिमीटरची आणि तिसऱ्यात 67 ची होते. मग रांगेतल्या सावल्या एका ओळीपाशी अचानक धुरकट होतात. फिल्टरची रुंदी मीटरमध्ये ठरवावी आणि सांध्यापाशी दोन्ही बाजू जुळवून घ्याव्यात. जवळची बाजू थोडी मऊ झाली तरी चालेल. सावली स्वतःवरच पडू नये म्हणून दिलेला बायसही टेक्सेलच्या प्रमाणात हवा, नाहीतर सांध्यापलीकडे जमिनीवर पट्टे उमटतात किंवा सावली बुंध्यापासून सुटते.

हे सगळं तपासायची वेळ महत्त्वाची. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जालन्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. प्रत्येक सावली आपापल्या झाडाखाली गोळा होते आणि कितीही ओबडधोबड सांधा खपून जातो. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर आला की चार मीटरच्या झाडाची सावली जवळजवळ 23 मीटर लांब पडते. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं, तर 45 मीटरवरच्या झाडाची सावली तिसऱ्या कॅस्केडमध्ये सुरू होऊन दुसऱ्यात संपते. एकाच सावलीला दोन नकाशे. तुमच्याकडे असं मोकळं मैदानी दृश्य असेल, तर सूर्य दहा अंशांवर ठेवा, कॅस्केडना वेगवेगळे रंग देऊन सीमा कुठे आहेत ते पाहून घ्या, मग रंग काढून सूर्याच्या दिशेने हळूहळू चालत जा. तुमच्याबरोबर पुढे सरकणारी रेघ दिसली तर ती सांध्याची आहे, आणि आधी मिश्रणाचा पट्टा किती पिक्सेल भरतो ते मोजा.