नगांचा रकाना

कापडाच्या दुकानात विक्री थंडावल्याची पहिली वर्दी गल्ला देत नाही. ती खतावणीतील नगांच्या रकान्यातून मिळते, आणि तीही ज्याने तो रकाना रुपयांपासून वेगळा मांडला असेल त्यालाच. ४०० रुपयांची १,००० लुगडी विकली काय आणि दर ५०० वर गेल्यावर ८०० विकली काय, जमेच्या बाजूस चार लाखच दिसतात, आणि दुकानदार निर्धास्त असताना त्याच्या विक्रीचा पाचवा हिस्सा नाहीसा झालेला असतो. ही तुलना करताना मात्र महिन्याशी महिना न ताडता सणाशी सण ताडावा. २०२२ साली दिवाळी ऑक्टोबरात होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती नोव्हेंबरात गेली. नुसत्या इंग्रजी महिन्यांवर भिस्त ठेवणारा त्या वर्षी विनाकारण धास्तावला असेल.

आमच्या सुती नऊवारीची घट पंचांगाने उलगडण्याजोगी नव्हती. अशा वेळी प्रथम सुचतो तो वटाव. परंतु ४०० ला पडलेले लुगडे ५०० ऐवजी ४५० ला दिले, की नफा निम्मा होतो आणि पूर्वीइतकीच प्राप्ती व्हावयास दुप्पट नग खपावे लागतात, हा हिशेब गुमास्त्याला मांडायला लावल्यावर त्याचाही उत्साह ओसरला. म्हणून आम्ही उधारीच्या वहीतील नावे चाळली. जी गिऱ्हाइके तुटली ती तेच लुगडे शेजारच्या दुकानातून स्वस्तात नेत असती तर दोष दराचा होता. आमच्याच फडताळातून दुसरे काही नेत असती तर मालाचा. प्रत्यक्षात जुन्या बायका येतच होत्या, वयोमानाने एकेक कमी होत होती, आणि त्यांच्यामागून नवे नाव वहीत चढत नव्हते. घट गिऱ्हाइकाची होती.

नवे गिऱ्हाईक होते, पण ते लग्नात वा पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी मिरवणाऱ्या मुलींचे, आणि त्यांचा प्रश्न एकच असे, "काका, नेसवून कोण देणार?" तेव्हा गिऱ्हाईक बदलताच मालही बदलला: काष्टा आयता शिवलेली नऊवारी. दर शिलाईसकट बराच चढला, तरी कुरकुर झाली नाही, कारण ती मुलगी त्याची तुलना आजीच्या लुगड्याशी करीतच नव्हती. नेसवणाऱ्या बाईच्या मेहनतान्याशी करीत होती. मला वाटते, गिऱ्हाईक निश्चित होण्यापूर्वी दरावर खल करणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

या मालाचीही मर्यादा आहे. न शिवलेले लुगडे कोणाही अंगाला चालते, शिवलेले कंबरेच्या आणि उंचीच्या मापाला बांधलेले असते; न खपलेले माप तसेच पडून राहते. शिवाय ते दोन-चार प्रसंगांपुरतेच नेसले जात असल्याने तीच मुलगी पुढल्या वर्षी परत येईल असे नाही. म्हणून दुकानात ताग्यांचा साठा ठेवतो, नमुन्यादाखल मोजके शिवून टांगतो, आणि बाकीचे बयाणा घेतल्यावाचून शिंप्याकडे धाडीत नाही.