दोन वाट्या साखर

बेसनाच्या लाडवात चारच गोष्टी असतात. बेसन, तूप, साखर आणि चिमूटभर वेलची. चकलीच्या भाजणीत किती धान्यं आणि डाळी असतात! त्यातली एखादी थोडी कमीजास्त झाली तरी सहसा कुणाला कळत नाही. लाडवाचं तसं नाही. तिथे एक जरी प्रमाण चुकलं, तरी लाडू लगेच सांगतो. तो घट्ट होतो, नाहीतर टाळूला चिकटतो, नाहीतर ताटात ठेवल्यावर हळूहळू खालून चपटा होत जातो. याला आपण "लाडू बसला" म्हणतो.

माझी पुतणी चिऊ बारा वर्षांची आहे. ती न्यू जर्सीत जन्मली आणि तिथेच वाढली. माझं घर तिच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिची आजी, म्हणजे माझी आई, साताऱ्याला असते. गेल्या दिवाळीच्या आधी चिऊने ठरवलं की या वर्षी लाडू आपण करायचे, आणि ते आजीच्याच प्रमाणाने. तिने फोन लावला आणि आजी सांगेल तसं वहीत लिहून घेतलं:

"चार वाट्या रवाळ बेसन. दीड वाटी पातळ तूप. दोन वाट्या पिठीसाखर. वेलची."

रवाळ बेसन म्हणजे जरा जाडसर दळलेलं. बोटांत धरलं की बारीक रव्यासारखं लागतं. पिठीसाखर म्हणजे पिठासारखी बारीक केलेली साखर.

चिऊने सगळं सांगितल्यासारखं केलं. जाड बुडाच्या कढईत तूप आणि बेसन घेऊन मंद आचेवर अर्धा तास भाजलं. सुरुवातीला बेसन जड होतं, त्याचे गोळे होतात, चमचा फिरवताना हात दुखतो. मग हळूहळू ते सैल पडतं, कडेने तूप सुटायला लागतं, रंग सोनेरी होतो आणि घरभर वास सुटतो. शेवटी तिने चमचाभर दुधाचा हबका दिला. त्याने बेसन फसफसतं आणि कणीदार होतं. मग मिश्रण कोमट होऊ दिलं, पिठीसाखर मिसळली आणि लाडू वळले.

वळताना लाडू छान दिसत होते. तासाभराने पाहिलं, तर सगळे बसले होते. चवीलाही अळणी, म्हणजे गोडीला फार कमी.

तिने आजीला फोटो पाठवला. आजीने लगेच कारण सांगितलं, "अगं बाळा, गरम असतानाच साखर घातली असशील. साखर विरघळली की लाडू बसणारच."

"नाही गं आजी. मी हात लावून बघितलं होतं. कोमट होतं."

"मग भाजायला कमी पडलं असेल."

तेही नव्हतं. मी स्वतः लाडू खाल्ला होता, बेसन कच्चं लागत नव्हतं.

त्या संध्याकाळी माझा भाऊ मला हळूच म्हणाला, "आईला आता नीट आठवत नाही रे. परवा मला एकच गोष्ट दोनदा सांगितली." तो हे स्वयंपाकघराबाहेर बोलत होता, पण चिऊने ऐकलं. ती काही बोलली नाही. तिने वही उघडली आणि त्या चार ओळींकडे बघत बसली. मला वाटतं, त्या क्षणापासून तिच्या दृष्टीने प्रश्न लाडवांचा राहिला नाही.

पहिली शंका तिला वाटीची आली. आजीची वाटी केवढी आणि आपली केवढी? तिने आपली स्टीलची वाटी मोजून बघितली. तिच्यात १५० मिलिलिटर पाणी मावलं. अमेरिकेतला स्वयंपाकाचा कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो. पण थोडा विचार केल्यावर तिचं तिलाच कळलं की वाटी लहान असो की मोठी, बेसन, तूप आणि साखर एकाच वाटीने मोजली तर प्रमाण बदलत नाही. मोठ्या वाटीने लाडू जास्त होतील, वेगळे होणार नाहीत. वाटी निर्दोष सुटली.

दुसरी शंका तुपाची. लाडू बसले म्हणजे तूप जास्त झालं, असं कुणीही म्हणेल. म्हणून दुसऱ्या शनिवारी तिने निम्मं प्रमाण घेतलं आणि तूप आणखी कमी केलं. दोन वाट्या बेसनाला पाऊण वाटी तूप येतं, तिने अर्धीच वाटी घेतलं. बाकी काही बदललं नाही. (माझ्या ऑफिसातही बिघाड शोधताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. हे मी तिला शिकवलं नव्हतं, तिला आपोआप सुचलं.)

या वेळी लाडू बसले नाहीत. पण ते कोरडे लागत होते आणि गोडी तितकीच कमी होती. आजीचा लाडू असा कधीच नसतो. तो तोंडात विरघळतो आणि गोडही असतो. म्हणजे तूप कमी केल्याने दुखणं झाकलं गेलं होतं, बरं झालं नव्हतं. आता संशयित एकच उरली, साखर.

पण आजी ठाम होती. "दोन वाट्या पिठीसाखर. पंचेचाळीस वर्षं तेच करतेय मी."

मग चिऊने एक चांगली गोष्ट केली. तिने वाद घातला नाही. ती म्हणाली, "आजी, तू करून दाखवतेस का? मी फक्त बघते."

इथे शनिवारची सकाळ होती, साताऱ्यात संध्याकाळ. आजीने फोन डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला. तिने चार वाट्या बेसन मोजलं, दीड वाटी तूप मोजलं, भाजायला घेतलं. आम्ही अर्धा तास तिचा चमचा फिरताना बघत होतो. मधे शेजारच्या काकू डोकावून गेल्या. कढई उतरवल्यावर आजीने साखरेचा डबा काढला. साधी, दाणेदार साखर. तिने सपाट दोन वाट्या भरल्या, मिक्सरच्या भांड्यात ओतल्या, मिक्सर फिरवला आणि भांडं परातीत उपडं करायला घेतलं.

"आजी, थांब! ती साखर आता वाटीने मोज ना."

"आता कशाला? मोजली की आधी. दोन वाट्या."

"तरी मोज. माझ्यासाठी."

आजी हसली आणि चमच्याने पिठीसाखर वाटीत भरायला लागली. एक वाटी. दोन वाट्या. भांड्यात अजून साखर होती. तीन वाट्या भरल्या, आणि वर पाव वाटी उरली.

आजी त्या चौथ्या वाटीकडे बघत राहिली.

असं का होतं, ते चिऊने वजनकाट्यावर बघितलं. साखरेचे दाणे आणि पिठीसाखर एकच पदार्थ आहे, पण साखर दळली की तिच्या बारीक कणांमध्ये खूप हवा अडकते. ती फुलते आणि जास्त जागा घेते. चिऊच्या वाटीत दाणेदार साखर सुमारे १३० ग्रॅम मावली. त्याच वाटीत पिठीसाखर सुमारे ८० ग्रॅमच मावली. म्हणजे आजीच्या लाडवात २६० ग्रॅम साखर जात होती आणि चिऊच्या लाडवात १६०. तब्बल १०० ग्रॅमचा फरक!

लाडू का बसले, त्याचं उत्तरही यातच होतं. साखर नुसती गोडीसाठी नसते. ती कोरडी असते, तूप धरून ठेवते आणि लाडवाला आकार देते. कोरडा माल १०० ग्रॅमने कमी पडला आणि तूप मात्र पूर्ण दीड वाटी, मग लाडू उभा कसा राहणार?

आणखी एक बारीक गोष्ट होती. आजी साखर घरी दळते. चिऊने दुकानातली पिठीसाखर आणली होती. अमेरिकेत मिळणाऱ्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुतेक वेळा थोडं कॉर्नस्टार्च घातलेलं असतं. पाकिटावर साहित्याची यादी असते, त्यात ते वाचता येतं. त्याने लाडू बिघडत नाही, पण गोडी आणखी थोडी उतरते.

म्हणजे आजीची चूक काय होती? प्रमाण बरोबर होतं, "दोन वाट्या" बरोबर होतं. फक्त शब्द बदलला होता. ती मोजायची साखर आणि सांगायची पिठीसाखर, कारण लाडवात शेवटी पडायची ती पिठीसाखरच. तिच्या लहानपणी साखर घरातच कुटायचे किंवा दळायचे, आधी मोजायची की नंतर हा प्रश्नच कुणाला पडत नसे. पिठीसाखर आयती पाकिटात मिळायला लागल्यावर तो प्रश्न तयार झाला. आजीचा हात काहीच विसरला नव्हता. चिऊने हे आपल्या बाबांना त्या दिवशी दोनदा सांगितलं.

माझं मत विचाराल तर आजीची पद्धतच जास्त बरोबर आहे. पिठीसाखर वाटीने मोजणं फसवं असतं. हलक्या हाताने भरली तर कमी मावते, वाटी आपटून दाबून भरली तर बरीच जास्त मावते. दाणेदार साखर कशीही भरा, फार फरक पडत नाही. तेव्हा घरी दळणार असाल तर आधी मोजा. आयती पिठीसाखर घेणार असाल तर वाटी सोडा आणि काटा वापरा.

चिऊने वहीतली ओळ खोडली नाही. "दोन वाट्या पिठीसाखर" याच्या पुढे तिने लिहिलं, "म्हणजे दोन वाट्या साखर, मग दळायची." तिसऱ्या वेळेचे लाडू तिने त्याच प्रमाणाने केले. तूप पुन्हा पूर्ण घेतलं. सकाळपर्यंत ताटात एकही लाडू बसला नव्हता.

आजीला हे कळवलं तेव्हा ती आधी खूश झाली आणि मग एकदम गप्प झाली. आम्हाला वाटलं, तिला वाईट वाटलं. पण तिला आठवत होती माझी बहीण, चिऊची आत्या. आत्या पुण्याला असते आणि आयती पिठीसाखर वापरते. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला तिचे लाडू बसतात, आणि दर दिवाळीला आजी तिला म्हणते, "तुला भाजायचा कंटाळा."

"तिलाही मी पिठीसाखरच सांगितली होती गं," आजी म्हणाली. "चल, ठेव फोन. मला तिला फोन करायचाय."