अनारसे हसले का?

सांगलीच्या हळदपेठेतील एका अडत दुकानात बसणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणापुढे एका दिवाळीत लहानसाच, पण झोप उडविणारा प्रश्न उभा राहिला. वैशाखात मामेबहिणीच्या लग्नात एका मुलीशी त्याचे दहा मिनिटे बोलणे झाले होते. रुखवतातील अनारशांचे ताट पाहून ती म्हणाली होती, की आदल्या दिवाळीत तिचे पहिले सहा अनारसे तुपात हसले, म्हणजे विरून पसरले, आणि ते पाहून आजीलाही हसू आवरेना. लग्नाची छायाचित्रे पाठविण्यासाठी तिने आपणहून आपला नंबर दिला. छायाचित्रे गेली, ‘धन्यवाद’ आले आणि संवाद तेथेच थांबला. मुलगी मात्र त्याच्या मनात भरली होती. दिवाळीनंतर घरात स्थळांची बोलणी निघणार होती. एकदा परिचयपत्रे वडीलधाऱ्यांच्या हाती गेली की दोघांचे साधे बोलणेही पारखून घेतले जाते, हे तो जाणून होता.

प्रथम त्याने पणत्यांचे एक सुंदर चित्र निवडले. त्याखाली ‘आपणांस व आपल्या परिवारास’ अशी सुरुवात होती. ते पाठविण्यापूर्वी त्याने स्वतःचा फोन उघडून पाहिला. तेच चित्र त्याला तिघांकडून आले होते, आणि ते अनेकदा पुढे पाठविले गेल्याची दुहेरी बाणाची खूणही वर होती. खूण नसती तरी फरक पडला नसता. ज्या मजकुरातील नाव बदलले तरी काहीच बिघडत नाही, तो कोणालाही पाठविलेला असतो, हे वाचणाऱ्यास तत्काळ कळते.

दुसऱ्या खेपेस तो उलट टोकास गेला. त्या दिवसापासून तुमचीच आठवण येते, असे त्याने वीस ओळींत लिहिले. सकाळी वाचताना त्यालाच संकोच वाटला. दहा मिनिटांच्या ओळखीवर एवढे ओझे ठेवले, तर बिचारीने उत्तर तरी काय द्यावे? होकार देता येत नाही आणि नकार देणे अवघड जाते, म्हणून ती गप्प राहील.

तिसऱ्यांदा त्याने तिचे नाव घालून एवढेच लिहिले : “रुखवतातले अनारसे आठवले, म्हणून लिहितो आहे. आमच्याकडे आज आईने पीठ मळायला काढले आणि दुकानातून आल्या आल्या मला खसखस निवडायला बसवले. यंदा तुमचे अनारसे हसले का? आजींना नमस्कार सांगा. तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.”

यात फक्त तिलाच ठाऊक असलेली एक आठवण होती, त्याच्या घरातली एक ताजी गोष्ट होती आणि एका ओळीत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न होता. शुभेच्छा शेवटी आल्या, कारण आरंभीच शुभेच्छा दिसल्या की वाचणाऱ्याचा हात सवयीने ‘तुम्हालाही’ लिहून मोकळा होतो. त्याने वेळही पाहिली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीपूजन, पाहुणे आणि शेकडो संदेशांची रीघ असते. म्हणून वसुबारसेला, फराळाची कढई चुलीवर असतानाच, रात्री आठाच्या आत त्याने तो संदेश पाठविला.

थोड्याच वेळात दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर मात्र आले नाही. निळी खूण एवढेच सांगते की संदेश उघडला गेला. मन उघडले की नाही, हे तिला ठाऊक नसते. ‘वाचलेत का?’ असे विचारण्याचा मोह त्याने आवरला. नुसते ‘धन्यवाद, तुम्हालाही शुभेच्छा’ असे आले, तर ते सौजन्याने लावलेले दार समजायचे आणि पुन्हा ठोठावायचे नाही, असे त्याने मनाशी ठरविले होते.

उत्तर धनत्रयोदशीच्या दुपारी आले. “हसले, आणि या वेळी हसायला आजी शेजारी नव्हती. तिचे हात आता थरथरतात, ती पलंगावरूनच सांगते. पीठ सैल झाले होते, गूळ जास्त पडला. तुमची आई काय करते अशा वेळी?”

शेवटच्या प्रश्नचिन्हाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने आईला विचारले. थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळावी आणि आधी एकच अनारसा सोडून पाहावा, असे आईने सांगितले. कोणासाठी विचारतोस, हे तिने विचारले नाही. खसखशीची वाटी पुढे सरकवताना ती फक्त किंचित हसली. त्याने आईचे शब्द जसेच्या तसे कळविले, आणि त्यांच्याही आधी लिहिले : “आजींना हे कधीपासून होते आहे?”

त्या संध्याकाळी पुष्कळ वेळ दोघे आजीविषयीच बोलत होते. एकमेकांविषयी त्यांनी अजून काहीच विचारले नव्हते.