अकराची सभा, बाराची सभा

आर्णीत आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या दोन इमारती आहेत आणि सव्वीस सदनिका. निम्मे सदस्य शिक्षक, दुकानदार, शेती सांभाळणारे. काहींनी घर भाड्याने देऊन यवतमाळ किंवा पुणे गाठलेलं. 2024 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत गच्चीवरची पाण्याची टाकी नव्याने बांधायचा ठराव झाला आणि आठवड्याभरात त्यावर लेखी हरकत आली. हरकत घेणाऱ्या गृहस्थांचं टाकीशी काही भांडण नव्हतं. सभाच नीट बोलावलेली नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

त्या वर्षीच्या नोटिशीत शेवटी एक ओळ होती : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ ही ओळ वाचून काही जण समजले की अर्ध्या तासाने तिथेच सभा भरेल. काही जणांना वाटलं, आता पुढच्या रविवारी. अकराला थोडी माणसं जमली, साडेअकराला काही शेताकडे निघून गेली आणि बाराला उरलेल्यांनी ठराव करून टाकला. ठिकाणही नुसतं ‘पार्किंगमध्ये’ असं लिहिलेलं. पार्किंग दोन्ही इमारतींना आहे. बराच वेळ काही सदस्य एकीकडे बसले होते आणि काही दुसरीकडे.

2025 च्या उन्हाळ्यात सचिवपद एका निवृत्त शिक्षिकेकडे आलं. सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. टाकीचा विषय पुन्हा घ्यायचा तर नोटीस अशी हवी की ती दोघांनी वाचली तर दोघांना एकच अर्थ लागला पाहिजे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मजकूर टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे ती नोटीस तयार होताना मी पहिल्यापासून पाहिली.

मॅडमनी सुरुवात तारखेपासून केली. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावीच लागते. रविवार असला तरच पुण्याचे लोक येतात. 21 सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या होती आणि 28 ला नवरात्र. शिवाय तोवर सोयाबीन काढणीला येतं. म्हणून 14 सप्टेंबर ठरला. वार्षिक सभेसाठी उपविधीप्रमाणे पूर्ण चौदा दिवसांची सूचना लागते. पूर्ण म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही नाही. बोटांवर मोजलं तर 31 ऑगस्ट ते 13 सप्टेंबर हे चौदा दिवस होतात, म्हणजे नोटीस हातात पडायची शेवटची तारीख 30 ऑगस्ट. पण लगेच 31 ला महालक्ष्म्यांचं आगमन. घरोघरी एवढी गडबड की कागदावर सही कोण करणार? मॅडमनी 28 ऑगस्ट धरला. गावातल्या सदस्यांना हातोहात देऊन पोचवहीत सही घेतली, बाहेरगावच्यांना त्याच्या काही दिवस आधी पोस्टाने पाठवली आणि एक प्रत दोन्ही इमारतींच्या सूचनाफलकांवर लावली. मोबाइलच्या गटावरही टाकली, पण ती फक्त आठवण म्हणून. पोचवही हाच खरा पुरावा, यावर त्या ठाम होत्या.

मग कोरम. आमच्या नोंदणीकृत उपविधीत, आदर्श उपविधीप्रमाणेच, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती आहे. तीसपेक्षा जास्त सदस्य असलेल्या संस्थेला वीस पुरतात. आमच्यासारख्या लहान संस्थेला दोन तृतीयांशाचा हिशोब करावा लागतो. सव्वीसचे दोन तृतीयांश सतरा पूर्णांक एक तृतीयांश. सतरा जणांनी ती अट पुरी होत नाही, अठरा लागतात. नोटिशीत सूत्र न लिहिता थेट आकडा लिहावा, हा मॅडमचा आग्रह मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सूत्र लिहिलं की सभेच्या दारात गणितावरून वाद होतो. अठरा लिहिलं की मोजणं तेवढं उरतं. सह्याही सदनिकेप्रमाणे मोजायच्या : नवरा-बायको दोघं संयुक्त मालक असले आणि दोघं आले, तरी गणपूर्तीत एकच. मुखत्यारपत्र देऊन भाडेकरूला पाठवता येत नाही, हेही लिहिलं.

तहकुबीचा नियम स्पष्ट आहे. ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. ती त्याच दिवशी नंतर घ्यायची असेल तर ती वेळ मूळ नोटिशीतच दिलेली असावी लागते. नाहीतर पुढची तारीख धरावी लागते. त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण विषय मात्र मूळ नोटिशीतलेच चालतात. 2024 ची सभा नेमकी इथेच फसली होती. बाराची वेळ कागदावर कुठेच नव्हती.

विषयपत्रिकेला सगळ्यात जास्त वेळ लागला. जुन्या नोटिशीत ‘टाकीबाबत विचार करणे’ एवढंच होतं. विचार करायला आलेल्या सदस्याला घरून वर्गणीची तयारी करून यायचं आहे हे त्यातून कसं कळणार? लेखापरीक्षित हिशोब आणि लेखापरीक्षकाची नेमणूक हे नेहमीचे विषय एकेका ओळीत आले. टाकीचा विषय मात्र मॅडमनी तीनदा लिहून घेतला. शेवटी नोटीस अशी झाली :

दिनांक : रविवार, 14 सप्टेंबर 2025. वेळ : सकाळी 11.
ठिकाण : ‘अ’ इमारतीचं तळमजल्यावरचं वाहनतळ. पाऊस असला तरी तिथेच.
गणपूर्ती : 26 पैकी 18 सदस्य. 11.30 पर्यंत 18 झाले नाहीत तर सभा तहकूब होईल आणि त्याच दिवशी, त्याच ठिकाणी दुपारी 12 वाजता भरेल. त्या सभेस गणपूर्तीची अट नाही. विषय हेच राहतील.
विषय 4 : गच्चीवरील टाकी पाडून नवी बांधण्यास मंजुरी देणे, सोबत जोडलेल्या तीन दरपत्रकांतून एक निवडणे आणि प्रत्येक सदनिकेची वर्गणी व ती भरण्याची मुदत ठरवणे.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ ही ओळ ठेवली, पण तिच्यापुढे एक वाक्य जोडलं : ज्या विषयांना आधी सूचना देणं आवश्यक आहे, असे विषय यात घेतले जाणार नाहीत. या एका ओळीच्या आडून कितीतरी संस्थांत खर्चाचे ठराव घुसवले जातात. ज्याला तो विषय येणार हे माहीत असतं तो आपली माणसं घेऊन येतो; बाकीचे घरी असतात.

सभेच्या दिवशी अकराला दहाएक जण होते. हजेरीवही दाराशी ठेवली होती आणि मॅडम सदनिकांचे क्रमांक मोजत होत्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी वहीत अठरा सह्या झाल्या, पण सदनिका सोळाच निघाल्या, कारण दोन दांपत्यांनी दोन-दोन सह्या केल्या होत्या. एका काकांनी विचारलं, “मॅडम, झाले न अठरा? करा सुरू.” मॅडम म्हणाल्या, “काका, सोळा घरं आहेत. दहा मिनिटं थांबू, नाहीतर बाराला. बारा वाजताही सभा होईलच, कागदावर लिहिलं आहे.” शेवटच्या पाच मिनिटांत यवतमाळहून दोन सदस्य आले आणि सभा साडेअकराच्या आत सुरू झाली. गेल्या वर्षी हरकत घेणारे गृहस्थही हजर होते. त्यांनी दरपत्रकांवरच प्रश्न विचारले, नोटिशीवर एकही नाही, आणि मधल्या दराचं दरपत्रक बहुमताने मंजूर झालं.

ऐनवेळच्या विषयात एकाने फाटक बदलायची मागणी केली आणि त्यासाठी खर्च लगेच मंजूर करा म्हणाला. मॅडमनी नोटिशीतलं ते वाक्य वाचून दाखवलं. फाटकासाठी विशेष सर्वसाधारण सभा घ्यायचं ठरलं. तिला पूर्ण पाच दिवसांची सूचना पुरते. त्या नोटिशीचा मसुदा मॅडमनी त्याच संध्याकाळी माझ्याकडे पाठवला, बाराच्या वेळेसकट.