खाडीपुलावरचा खर्ज

माझं काम ध्वनिमुद्रणाचं. स्टुडिओ अंधेरीत, घर वसईत. म्हणजे दिवसभर मी बंद खोलीत शांततेचे पैसे घेतो आणि जाता-येता लोकलमध्ये त्याची भरपाई करतो. म्हणून नात्यागोत्यात कुणाच्याही इयरबड्सला काही झालं की फोन मला येतो. गेल्या पावसाळ्यात भाचीचा आला. "मामा, माझे बड्स वाया गेले. घरी पंख्याचा आवाजसुद्धा गायब करतात, गाडीत मात्र काहीच कापत नाहीत. आवाज पंधरापैकी तेरावर न्यावा लागतो आणि संध्याकाळी कान ठणकतात."

तिला म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर वसई रोडहून फास्ट पकड, गाडीतच बघू. घरी सोफ्यावर बसून केलेलं सेटिंग गाडीत टिकत नाही. नायगाव सुटलं की भाईंदरच्या आधी खाडीचा पूल लागतो आणि चाकांचा आवाज एकदम बदलतो. खालून एक जाड, पोटात उतरणारा खर्ज येतो. इयरबड्सची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

खर्ज म्हणण्याला कारण आहे. बाहेरच्या आवाजाची उलटी लाट तयार करून तो खोडून काढायची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकन पेटंट 1936 साली मिळालं. पण उलटी लाट वेळेवर पोहोचली तरच उपयोग. 100 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिथे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाएवढा उशीर झाला तरी लाटेच्या मानाने तो नगण्य. 3000 हर्ट्झची लाट मात्र जेमतेम अकरा सेंटिमीटर. तेवढ्याच उशिरात ती जवळजवळ एक तृतीयांश पुढे निघून जाते, आणि खोडायला पाठवलेली लाट मूळ आवाजात उलट भरच घालते. म्हणून नॉइज कॅन्सलेशन चाकांची घरघर आणि पंख्यांची गुणगुण खाते. ब्रेकची किंचाळी, हॉर्न, शेजारच्या भिशीचा हिशेब यांच्यापुढे ते फारसं चालत नाही. हे वरचे आवाज अडवायचे ते रबरी टोपीने. इयरबड्समधला सगळ्यात स्वस्त भाग तोच, आणि लोक सगळ्यात कमी लक्ष देतात तोही त्याच्याकडेच.

भाचीचं दुखणं तिथेच होतं. डब्यातून आलेल्या मधल्या मापाच्या टोप्या तिने तशाच ठेवल्या होत्या. गाडी सुटल्यावर एक तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, एकेक बड बोटाने हलकेच आत दाब. उजवीकडे काही फरक नाही. डावा दाबला आणि ती दचकली. "अरे, डग्गा आला!" दाबल्यावर डग्गा वाढतो याचा अर्थ एरवी तो फटीतून बाहेर गळत होता. त्याच फटीतून गाडीचा खर्जही आत येत होता आणि तो खोडायला पाठवलेली लाटही निसटत होती. दोन्ही कानांची भोकं एकाच मापाची असतातच असं नाही, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. डाव्या बडला मोठी टोपी चढवली, कानाची पाळी वर-मागे ओढून बड किंचित फिरवत बसवला. भाईंदर यायच्या आत तिने स्वतःहून आवाज दहावर आणला होता. अजून इक्वलायझरला हात लावलेला नव्हता.

आता इक्वलायझर. ॲपमध्ये तिने 'बेस बूस्ट' निवडला होता. तिचं म्हणणं, गाडीत बेस ऐकूच येत नाही, मग वाढवायला नको? दिसायला बरोबर, पण कानाचा स्वभाव वेगळा आहे. मोठा खर्ज आपल्यापेक्षा वरच्या सुरांना झाकतो. वरचे सूर खर्जाला तितके झाकत नाहीत. म्हणजे गाडीचा खर्ज आधीच शब्द झाकत असताना आपण गाण्यातला खर्जही वाढवला, तर शब्द दोन पांघरुणांखाली जातात. मग शब्दांसाठी आवाज वाढतो. दुसरी अडचण अशी की आधुनिक गाणी मुळातच वरच्या मर्यादेला टेकवून मुद्रित केलेली असतात. त्यावर 6 डेसिबल चढवायला जागाच नसते. एक तर आवाज फाटतो, नाही तर बड गुपचूप बाकीचं सगळं खाली ओढतो. म्हणून माझा नियम, वाढवण्याआधी कापून बघावं.

ती जाताना बहुतेक मराठी पॉडकास्ट ऐकते. आधी सगळे पट्टे शून्यावर आणले. मग 100 हर्ट्झच्या आसपासचा पट्टा 4 डेसिबलने खाली, 250चा 2ने खाली आणि अडीच-तीन हजाराजवळचा फक्त 2ने वर. 'स' आणि 'श', 'त' आणि 'ट' यांतला फरक कळायला लागणारा मजकूर या वरच्या भागात असतो. तिथे जास्त चढवलं तर बोलणारा कानात सुया टोचतो, म्हणून दोनच. मीरा रोडला आवाज आठवर होता आणि शब्द स्वच्छ. गाण्यांसाठी सगळे पट्टे शून्यावर ठेवून वेगळं सेटिंग जतन केलं. टोपी नीट बसली असेल तर डग्गा आपोआप येतो.

तेरावरून आठवर येणं मी उगाच मोजत नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाला आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 89वर पाच तास उरतात. रोज दोन्ही वेळचा प्रवास धरला तर बुधवारपर्यंत संपतात. फोनवरचे टप्पे म्हणजे डेसिबल नव्हेत, पण ती कुठल्या दिशेने चालली होती ते कळतं.

बोरिवलीनंतर गर्दी थोडी हटली तेव्हा तिला दाराजवळ, पण आतल्या बाजूला, उभं केलं. लगेच तक्रार, कानात वादळ शिरलं! बाहेरच्या माइकच्या जाळीवर वारा आपटतो, यंत्र त्यालाच गोंगाट समजतं आणि त्याची उलटी लाट वाजवत बसतं. वारा प्रत्येक माइकवर वेगळा आपटत असल्याने खोडलं काहीच जात नाही, नवा घोंघाट मात्र तयार होतो. ओळखायची खूण म्हणजे माइकवर बोट धरल्यावर तो थांबतो. ॲपमध्ये वाऱ्यासाठी वेगळा पर्याय असेल तर तो लावावा. नसेल तर कॅन्सलेशन बंद करावं. टोपी तेवढ्यापुरती पुरते.

अंधेरी यायच्या आधी ट्रान्सपरन्सी. ही सोय लोक दुकानदाराशी बोलायला वापरतात, मी ती उतरायच्या एक स्टेशन आधी लावतो आणि पूल, जिना, रिक्षा होईपर्यंत काढत नाही. पुढच्या स्टेशनची घोषणा, मागून "चला, चला" करणारे, फलाट बदलल्याची सूचना हे सगळं त्यात यायला हवं. भाचीने तिची पट्टी टोकापर्यंत नेली होती, त्यामुळे ब्रेक लागताच तिने कान धरले. पट्टी मध्यावर आणली. माझी खूण अशी, बड काढून आणि घालून शेजाऱ्याचं बोलणं सारख्याच मोठेपणाने ऐकू यावं. शिवाय ट्रान्सपरन्सीत पॉडकास्ट थांबवावा. दोन बोलणारे एकाच कानात बसत नाहीत. रूळ ओलांडणाऱ्यांना मात्र मी सेटिंग सांगत नाही. त्यांनी बड्स खिशात ठेवावेत आणि पुलावरून जावं.

महिन्याभराने पुन्हा फोन. "मामा, तुझं सेटिंग बिघडलं. उजवीकडून खरखर येते आणि कापणंही कमी झालंय." विचारलं, टोपी काढून जाळी बघितलीस? क्षणभर गप्प, मग "ई!" कानात किती आवाज पोहोचतोय ते ऐकणारा एक माइक आतल्या बाजूलाही असतो. जाळी मळाने बुजली की त्याला चुकीचं ऐकू येतं आणि तो चुकीचंच दुरुस्त करत राहतो. तिला सांगितलं, बडचं तोंड जमिनीकडे धर, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल; कोरडा, मऊ टूथब्रश घे, पाणी नको, सुई तर नकोच. पलीकडून ब्रशची खसखस ऐकू यायला लागली. फोन तिने त्याच बड्सवरून लावला होता. डावा अजून कानातच होता.