केशवाच्या डाव्या पायाशी

माझा राग सिमेंटवर नाही. सिमेंट टाकीच्या चार घावांत निघतं. राग आहे तो मूर्तीच्या डाव्या पायाशेजारून छिलून काढलेल्या अडीच इंची दगडी खुंटाचा. तो आता कुणालाच परत बसवता येणार नाही, आणि तो छिलणाऱ्याला आपण काय घालवलं हे माहीतसुद्धा नाही.

मी अण्णांकडे काम शिकत होतो. अण्णा म्हणजे आमचे गुरू, कोल्हापूरकडचे पाथरवट. देवळांची कामं, नंदी, उंबरे, कधी दीपमाळ. कृष्णाकाठच्या एका गावात देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम निघालं तेव्हा आवारात पिंपळाच्या पारावर काळ्या पाषाणाची विष्णूची जुनी मूर्ती उभी होती. खंडित, म्हणून गाभाऱ्याबाहेर. खालचे दोन्ही हात कोपरापासून गेलेले आणि नाक उडालेलं. वरच्या उजव्या हातात शंख आणि वरच्या डाव्यात चक्र मात्र शाबूत होतं.

अण्णांनी मला कामाच्या पहिल्याच दिवशी तिच्यासमोर बसवलं. "खालच्या हातांत काय होतं, सांग."

मी म्हणालो, "गदा आणि पद्म. दुसरं काय असणार?"

"ते शेंबडं पोरही सांगेल. कुठल्या हातात काय?"

इथे विष्णूचं एक गणित आहे, ते थोडक्यात सांगतो. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत चोवीस प्रकारे बसतात आणि प्रत्येक प्रकाराला वेगळं नाव आहे. संध्येत आपण केशवाय नमः, नारायणाय नमः म्हणतो ती हीच चोवीस नावं. क्रम मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून, प्रदक्षिणेसारखा मोजायचा. काही नावांचा क्रम ग्रंथागणिक बदलतो, पण पद्म, शंख, चक्र, गदा म्हणजे केशव हे पक्कं. आमच्या मूर्तीचे वरचे दोन हात शाबूत असल्यामुळे चोवीसपैकी दोनच शक्यता उरत होत्या. उजव्या खालच्या हातात पद्म असेल तर केशव. तिथे गदा आणि डावीकडे पद्म असेल, तर बहुतेक याद्यांप्रमाणे वासुदेव.

"मग आता कौल लावणार?" अण्णांनी विचारलं.

मूर्ती ओल्या फडक्याने पुसून घेतली. दुपारच्या उन्हात दगडावर काहीच दिसत नाही, सगळं सपाट वाटतं. म्हणून अण्णांनी संध्याकाळ होऊ दिली आणि बॅटरी मूर्तीच्या कुशीला टेकवून प्रकाश आडवा सोडला. उजव्या मांडीवर एकदम एक खरबरीत पट्टा उठून दिसला. बाकी मांडी घोटून गुळगुळीत केलेली, आणि मधेच हा पट्टा.

"हा काय आहे?"

"छिन्नी घसरली असेल," मी म्हणालो.

"मांडी घोटणारा माणूस एवढं खरबरीत ठेवून जेवायला जाईल होय?"

मग त्यांनी सांगितलं. कोपरापासून सुटा, अधांतरी हात कोरला की तो टिकत नाही. वाहतुकीत, नाहीतर कोरतानाच तुटतो. म्हणून कारागीर हात आणि अंग यांच्यामध्ये दगडाचा एक टेकू राखतो. हात तुटला तरी टेकू जिथे अंगाला चिकटलेला असतो तिथला व्रण राहतो. हात कुठे होता ते शोधायचं तर तुटलेल्या टोकाकडे कमी बघायचं आणि अंगावरचे व्रण जास्त शोधायचे.

आता मापं. चेहरा केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत बरोबर सहा इंच भरला. चेहरा म्हणजे एक ताल, त्याचे बारा भाग म्हणजे बारा अंगुळं, तेव्हा एक अंगुळ अर्धा इंच. नवताल मूर्ती १०८ अंगुळांची, म्हणजे किरीट सोडून साडेचार फूट. मोजलं तर सुताभर इकडेतिकडे तेवढीच आली. तळहात मधल्या बोटाच्या टोकापर्यंत चेहऱ्याएवढा, म्हणजे सहा इंच. कोपर ते मनगट किती, हे मी पाठ केलेल्या मापांवरून सांगायला लागलो तर अण्णांनी अडवलं. "वरचा हात शाबूत आहे ना? त्याच कारागिराचा आहे ना? मग त्याला विचार." वरच्या डाव्या हातावर सूत धरलं तर आठ इंच आलं.

ते सूत तुटलेल्या उजव्या कोपरावर धरून खाली सोडलं. आठ इंचांवर मनगट. खरबरीत पट्टा नवव्या इंचाला सुरू होऊन तेराव्याला संपत होता, म्हणजे नेमका तळहाताच्या पाठीमागे. हात खाली सोडलेला, तळवा समोर, बोटं जमिनीकडे. वरद मुद्रा. अशा तळव्यावर कमळ ठेवता येतं, गदा पेलता येत नाही. शिवाय गदा उजवीकडे टेकवली असती तर पीठावर तिचं बूड दिसायला हवं होतं, आणि पीठाच्या उजवीकडच्या कमळपाकळ्या अखंड होत्या. डावीकडे मात्र पायाशेजारी तो गोल खुंट होता. मी तो सेविकेच्या पायाचा तुकडा समजलो होतो. अण्णांनी माझं बोट धरून त्याच्या कडेवरून फिरवलं. बोटं नाहीत, पैंजण नाही, चहूबाजूंनी सारखाच गोल. गदेचं बूड. मूर्ती केशवाची होती.

त्यानंतर मोठ्या तपकिरी कागदावर मूर्ती खरोखरीच्या मापात काढायला लावली. आहे ते अखंड रेषेने, हात तुटक रेषेने. नाक काढायला गेलो तर त्यांनी कोळसाच काढून घेतला. नाकाची रुंदी नाकपुड्यांच्या खुणांवरून कळते, पण ते किती पुढे आलेलं होतं हे चेहऱ्यावर दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. हाताला जोडीदार असतो, नाक एकटं. "तिथं कोरा कागद ठेव." पुढे त्यांनी मला खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात नेऊन सोंडा तुटलेल्या हत्तींची रांग दाखवली ती याच कारणासाठी. तिथे एकाचं गेलेलं शेजारच्याकडून वाचता येतं.

मी अण्णांना म्हणालो, एवढं सगळं कळलंय तर हात कोरून बसवू. ते नाही म्हणाले. नवा हात टिकवायचा तर जुन्या कोपरात भोक पाडून गज घालावा लागतो, आणि तुटलेलं तोंड सपाट करावं लागतं. म्हणजे पुढच्याला तपासायला काही उरत नाही. मला ते तेव्हा पटलं नाही. गावाने केशवाला बिनहाताचं का बघायचं?

काम संपवून आम्ही परत आलो. दोनेक वर्षांनी मी पुन्हा गेलो तेव्हा केशवाला हात आले होते. कमिटीने कुणाकडून तरी सिमेंटचे करून घेतले होते. उजवा कॅलेंडरातल्या देवासारखा अभय देणारा, डाव्यात कमळ. वर ऑइलपेंट. गदा नाहीच, आणि डाव्या पायाशेजारचा तो खुंट 'साफसफाईत' छिलून पीठाशी सपाट केलेला. विचारलं तर उत्तर मिळालं, "मध्येच आलं होतं, हळदकुंकू अडकायचं." आता उद्या सिमेंट काढलं तरी मांडीवरच्या व्रणावरून अर्धंच सांगता येईल. डावीकडे गदा होती याला पुरावा म्हणून पीठावर टाकीचे ताजे पांढरे ओरखडे आहेत, आणि ते काहीही सांगत नाहीत. माझ्यासारखे जे कुणी जीर्णोद्धार कमिट्यांवर आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे की पीठावरचं काहीही, दिसायला कितीही फालतू असलं तरी, फोटो आणि माप घेतल्याशिवाय छिलू नका.

पण पारावर पूर्वी कुत्री झोपायची, तिथे आता रोज सडा पडतो. एक म्हातारी त्या सिमेंटच्या अभय हाताला डोकं लावताना मी पाहिली, आणि तिला काय सांगणार होतो? आपणच तेव्हा धड हात बसवले असते तर खुंट तरी वाचला असता, असं मी अण्णांना तोंडावर म्हटलं. त्यांचं म्हणणं, आपण गज घातला असता आणि कोपर फोडलं असतं, फरक इतकाच की आपलं नीट दिसलं असतं. यावरून आमचं अजून वाजतं. मागच्या पंधरवड्यातही वाजलं, नंदीच्या कानाचं माप घेता घेता.