गळ्यावरची रेघ

चि. मृणाल,


तुझी नोंद वाचली. ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ असॉल्ट बाय नोन पर्सन. कपाळावर सी.एल.डब्ल्यू., मल्टिपल ब्रूझेस. ड्रेसिंग, टी.टी. दिले. पोलिसांना कळवले.’ रात्री अडीच वाजता, कॅज्युअल्टीत एकटी असताना, बाहेर सर्पदंशाचा पेशंट थांबलेला असताना कुणीही असंच लिहील. उपचारांपुरती ही नोंद चालेल. पण आणखी तीन वर्षांनी तालुक्याच्या कोर्टातून तुला समन्स येईल, तेव्हा तू दुसऱ्याच जिल्ह्यात असशील आणि या बाईचा चेहराही तुला आठवणार नाही. साक्षीदाराला स्वतःच्या त्या वेळच्या नोंदी पाहून उत्तर देता येतं, कायद्याची तशी मुभा आहे. मात्र नोंदीत नसलेली गोष्ट तू आठवणीतून सांगायला लागलीस, की समोरचा वकील खुर्चीत नीट सरसावून बसतो.

तू विचारतेस, ती नोंद फाडून नवी लिहू का? मुळीच नको. एम.एल.सी. रजिस्टरातलं पान जसं आहे तसंच राहू दे. त्याच्याखाली आजची तारीख आणि वेळ टाकून ‘पुरवणी तपासणी’ असं लिही आणि सही कर. बाई अजून वॉर्डात आहे हे बरं झालं. तिला आज पुन्हा तपास. सासूला एक्सरेचा कागद देऊन लांब पाठव आणि सिस्टरला सोबत घे.

तिचं जे बोलणं तू फोनवर सांगितलंस, तेच नोंदीत नाही. ‘मालकानं ओढणीनं गळा आवळला, डोळ्यापुढं अंधारी आली, शुद्धीवर आले तवा कापडं ओली हुती.’ हे वाक्य अवतरणचिन्हांत, तिच्याच बोलीत, जसंच्या तसं लिही. बाकीची नोंद इंग्रजीत असली तरी चालेल. ‘नोन पर्सन’ कशाला? तिने नवरा म्हटलं आहे, तर ‘पेशंटच्या सांगण्यानुसार, नवऱ्याने’ असं लिही. नाव लिहिलं की आपण बाजू घेतली, असं पुष्कळ डॉक्टरांना वाटतं. प्रत्यक्षात, कुणी मारलं हे आपण पाहिलेलं नाही आणि तिने काय सांगितलं ते आपण ऐकलं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की झालं. ‘अलेज्ड’ हा शब्द आपण सवयीने वापरतो आणि वाचणाऱ्याला त्यात अविश्वास दिसतो. ‘पेशंट सांगते की’ एवढं पुरतं. तसंच ‘हिस्टेरिकल’ किंवा ‘अनकोऑपरेटिव्ह’ लिहू नकोस. ती रडत होती, हात थरथरत होते, प्रश्न दोनदा विचारावे लागले. जे दिसलं ते लिही.

आता त्या ओल्या कपड्यांबद्दल. मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण तुटला की शुद्ध जाते, आणि त्यातच कधी लघवी होते. लाजेपोटी बायका हे सांगत नाहीत, म्हणून आपण विचारायचं. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतं का, थुंकीत रक्त आलं का, त्या वेळी दिसायचं थांबलं होतं का. तिच्या जिवासाठी आधी हे हवं. गळ्यातली सूज काही तासांनी वाढू शकते. मानेतल्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल, तर अर्धांगाचा झटका काही दिवसांनीही येऊ शकतो. तिची शुद्ध गेली होती, तेव्हा जिल्हा रुग्णालयात मानेच्या सी.टी. अँजिओग्राफीसाठी पाठव आणि पाठवण्याचं कारण रेफरल चिठ्ठीवर स्पष्ट लिही. ‘गळा आवळल्याचा इतिहास, शुद्ध हरपली होती’ असं लिहिलेली चिठ्ठी तिच्यावर उपचारही करवते आणि पुरावाही ठरते.

तू म्हणालीस, गळ्यावर विशेष काही नव्हतं, एक पुसट लालसर रेघ होती, म्हणून लिहिली नाही. मृणाल, सगळ्या प्रकरणात महत्त्वाची तीच रेघ आहे. ओढणीसारख्या मऊ कापडाने आवळलं तर वळ पुसटच उठतो, कधी उठतही नाही. आणि नवरा काय म्हणणार हे मी तुला आजच सांगते: ‘ती फास लावून घेत होती, मीच सोडवली.’ मी कोर्टात हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याची चालसुद्धा पाठ झाली आहे. गळफासाचा वळ सहसा हनुवटीजवळ, उंचावर असतो. तो गाठीच्या दिशेने तिरका वर चढतो आणि गाठीपाशी तुटतो. मागून किंवा समोरून आवळलं तर वळ बहुधा आडवा असतो, कंठमण्याच्या पातळीला किंवा त्याच्या खाली, आणि मानेभोवती सलग जातो. ‘सहसा’ आणि ‘बहुधा’ हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. पाय टेकलेल्या अवस्थेत गळफास बसला तर वळ आडवाही असू शकतो. म्हणून निष्कर्ष लिहायची घाई करू नकोस, मोजमाप लिही. रेघ कंठमण्याच्या वर की खाली, किती सेंटिमीटरवर, रुंदी किती, उजव्या आणि डाव्या कानाच्या पाळीपासून किती अंतरावर, मानेच्या मागे सलग की तुटलेली, आडवी की तिरकी. एवढं लिहिलंस तर पुढे न्यायवैद्यक तज्ज्ञ तुझ्या नोंदीवरून मत देऊ शकेल. नुसतं ‘लिगेचर मार्क प्रेझेंट’ लिहिलंस, तर त्यालाही काही करता येणार नाही.

त्याच वेळी पापण्या उलटून बघ, कानामागे बघ, टाळूवर टॉर्च मार. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील तर लिही, नसतील तर ‘आढळले नाहीत’ असंही लिही. काहीच न लिहिणं आणि ‘पाहिलं, नव्हतं’ असं लिहिणं यात उलटतपासणीत फार फरक पडतो. मानेवर उभे बारीक ओरखडे दिसले, तर ते बहुतेक वेळा तिचेच असतात. फास सोडवायला ती स्वतःची नखं लावते. त्यांची दिशा आणि जागा लिही.

डाव्या हाताची जखम तू चांगली पाहिलीस, लिहिली मात्र ‘ब्रूझ’ म्हणून. कोपरापासून मनगटाकडे, करंगळीच्या बाजूला, दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टा, असंच ना? दांडा किंवा लाटण्यासारखी गोल वस्तू आदळली की मधलं रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं आणि तिथल्या केशवाहिन्या फुटतात, म्हणून रुळांसारखी जोडी उमटते. शिवाय ही जागा डोक्यावरचा वार अडवताना पुढे येते. लांबी, दोन रेघांमधलं अंतर आणि कोपराच्या हाडापासूनची जागा लिही. मताच्या रकान्यात ‘कठीण, बोथट, दंडगोलाकार वस्तूने होऊ शकते, पेशंटने सांगितलेल्या प्रसंगाशी जुळते’ एवढंच. ‘लाटण्याने मारले’ हे तिचं वाक्य आहे, ते तिच्या अवतरणातच राहू दे. एक्सरे येईपर्यंत जखम साधी की गंभीर हे मत राखून ठेव. हाड मोडलेलं निघालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे ती गंभीर दुखापत ठरते आणि गुन्ह्याचं वजनच बदलतं. कलमं लावणं पोलिसांचं काम आहे, ती तू लिहू नकोस.

दंडाच्या आतल्या बाजूचे ते चार पिवळसर गोल डाग ‘सात दिवसांपूर्वीचे’ असं तू फोनवर ठामपणे म्हणालीस. पुस्तकातला रंगांचा तक्ता मलाही पाठ होता. पण माणसागणिक, जागेगणिक आणि त्वचेच्या रंगाप्रमाणे तो फसतो. सावळ्या त्वचेवर तर पिवळा रंग नीट दिसतच नाही. एवढंच धरून चालता येतं की पिवळेपणा साधारण अठरा तासांच्या आत दिसत नाही, म्हणजे ते डाग कालच्या रात्रीचे नाहीत. ‘पिवळसर, ताज्या जखमांपेक्षा जुने, नेमका काळ सांगता येत नाही’ असं लिही. कमी सांगितल्याने नोंद दुबळी होत नाही. सात दिवस लिहिलेस आणि त्या दिवशी नवरा पंढरपूरला होता असं निघालं, तर तुझी बाकीची खरी वाक्यंही त्याच्याबरोबर जातील.

फोटो तुझ्या फोनवर आहेत. ते तिला विचारून काढलेस का? नसेल तर आज लेखी संमती घे. पूर्ण चेहरा-गळा दिसेल असा एक, मग जखमेजवळून पट्टी ठेवून एक आणि पट्टीशिवाय एक, कॅमेरा जखमेला काटकोनात धरून. कुणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस; मूळ फाइल रुग्णालयाच्या रेकॉर्डमध्ये जमा कर. कोर्टात त्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फाइलवरूनच करणं सोपं जातं.

पोलिसांना जबाब द्यायला ती आत्ता तयार नाही म्हणतेस. मग ‘सध्या तक्रार करू इच्छित नाही’ हे तिच्या शब्दांत लिही, वर तिची सही किंवा अंगठा घे. त्यामुळे तुझी तपासणी कमी करायचं कारण नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा तिला पोलीस ठाण्याशिवायही वाट देतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो आणि तातडीचा हंगामी आदेश मिळू शकतो. त्या अर्जाला आधार म्हणून तुझ्या दोन पानांइतकं वजनदार तिच्याजवळ दुसरं काही नसेल. त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे घटना अहवाल आधी झाला नसेल, तर तो नमुना 1 मध्ये भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुखाची आहे. वैद्यकीय अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची, हेही तिथेच लिहिलेलं आहे. तुमच्या अधीक्षकांना हा नियम माहीत नसेल तर चिडू नकोस, छापील प्रत टेबलावर ठेव.

प्रत देताना मात्र आधी विचार, ‘ही ठेवशील कुठे?’ घरी सासूच्या हाती पडली तर मार वाढेल. माहेरी भावाकडे पाठवणार असेल तर उत्तम. नाही तर प्रत आपल्या रेकॉर्डला राहू दे आणि एम.एल.सी. क्रमांक तिला पाठ करून दे. 181 हा नंबरही तिच्याकडून दोनदा म्हणवून घे.

अजून एक. आज न दिसलेले वळ उद्या-परवा वर येतात, खोलवरचं रक्त कातडीपर्यंत यायला वेळ लागतो. ड्रेसिंग बदलायच्या निमित्ताने तिला तिसऱ्या दिवशी बोलाव. त्या दिवशी गळा, दंड आणि पाठ पुन्हा मोजून वेगळी नोंद कर. कपाळावरची जखम किती लांब, कडा कशा, हेही ड्रेसिंग सोडताना लिही. पहिल्या नोंदीत तेही राहिलंय. आणि नमुना 1 पाठवशील तेव्हा संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयाची पोच घेऊन केसपेपरला जोड, आवक क्रमांकासकट.

तुझी,
सुमनमावशी